बॉण्डची मुदत कुठल्या तारखेपासून मोजायची?

अगं,

‘काका, नोकरीचा बॉण्ड मोडला तर किती भरावे लागतील?’ असं विचारलंस आणि फोटो पाठवलास फक्त सहीच्या पानाचा. सहीवरून मी काय सांगणार! हिंजवडीतली निम्मी पोरं रक्कम तोंडपाठ म्हणून दाखवतात. तारीख एकालाही ठाऊक नसते. आधी तारीख बघ.

समज, तू १ जुलै २०२४ ला रुजू झालीस आणि ट्रेनिंग ३० सप्टेंबरला संपलं. बॉण्ड २४ महिन्यांचा, रक्कम १,८०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७,५०० चा हिशोब. तुझा कामावरचा शेवटचा दिवस ३१ डिसेंबर २०२५. मुदत रुजू झाल्यापासून मोजली तर १८ महिने भरले, उरले सहा, ४५,००० द्यायचे. ट्रेनिंग संपल्यापासून मोजली तर उरतात नऊ, ६७,५०० होतात. माणूस तोच, काम तेच, फरक एका तारखेचा.

हे सुद्धा केव्हा? भरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम कमी होईल असं कलमात लिहिलं असेल तरच. ते वाक्य नसेल तर तेविसाव्या महिन्यातही कंपनी पूर्ण १,८०,००० मागते. मी एचआरमध्ये असताना प्रत्येक बॉण्डला महिनावार तक्ता जोडायला लावायचो. साहेब वैतागायचे, ‘पोरांना पळायची वाट कशाला दाखवतोस?’ मी ऐकलं नाही. आजही ऐकणार नाही.

‘बॉण्ड बेकायदेशीर असतो’ हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान तेवढं सोड. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं, दोन लाखांचा बॉण्ड वैध ठरवला. पण म्हणून लिहिलेला आकडा आपोआप वसूल होतो असंही नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते आणि बॉण्डमधली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. तुझ्या ट्रेनिंगवर खरंच काय खर्च झाला, हा प्रश्न तिथे कामाला येतो. दोन आठवडे पीपीटी दाखवून लाखांची मागणी असेल, तर खर्चाचा तपशील लेखी माग. आणि कुणी ‘जबरदस्तीने कामावर बसवू’ म्हणालं तर घाबरू नकोस. नोकरी करायला कोर्ट कुणाला भाग पाडत नाही, प्रश्न पैशांचाच असतो.

आता पुन्हा तारीख. मुदत राजीनाम्याच्या मेलपर्यंत मोजायची की शेवटच्या दिवसापर्यंत, हेही वाच. नोटीस पिरियडमध्ये तू कामावरच असतेस, ते महिने सोडू नकोस. कंपनीनेच काढलं तर बॉण्ड लागतो का, तेही बघ: ‘कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास’ असे शब्द असतील तर कपातीत नोकरी गेली तरी ते तुझ्याकडे बोट दाखवतील. तिथे मात्र लढायचं.

राजीनामा टाकण्याआधी एचआरला मेल कर: अमुक दिवशी निघाले तर बॉण्डपोटी किती आणि नोटीसपोटी किती, वेगवेगळं सांगा. फोनवरचं उत्तर धरू नकोस.

काका