जुन्या सोसायटीला लिफ्ट एएमसीच्या नूतनीकरणाचं पत्र कसं लिहावं?

"माझी लिफ्ट मेंटेनन्सची छोटी एजन्सी आहे. एका सोसायटीच्या दोन लिफ्ट ९ वर्षं सांभाळतोय, ३ वर्षं दर वाढवला नाही. करार ३१ मार्चला संपतोय. आभार मानून दरवाढ कशी लिहू?"

मीही हाच धंदा करतो. पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्या. कमिटीची मीटिंग साधारण महिन्यातून एकदाच होते. एकदा मी २८ मार्चला पत्र दिलं आणि मंजुरी मिळेपर्यंत एप्रिल संपला. मधे लिफ्ट बंद पडली तेव्हा करार संपलेला होता. माणूस पाठवला, पण पैसे कुणी द्यायचे यावरून इतक्या वर्षांच्या संबंधात कडवटपणा आला.

आभार सुरुवातीलाच माना, पण खरे वाटतील असे. "आपल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत" हे सगळेच लिहितात. त्याऐवजी असं लिहा: "रात्री लिफ्ट अडकली की आपले वॉचमन स्वतः दार उघडायला न जाता आधी आम्हाला फोन करतात. त्यामुळे ९ वर्षं काम सुरक्षितपणे करता आलं." हे वाचून सेक्रेटरींना कळतं की तुम्ही त्यांची इमारत ओळखता. तिथेच थांबा. आभाराच्याच वाक्यात "म्हणून दर वाढवत आहोत" आलं, तर आभार खोटे वाटतात.

दर नव्या परिच्छेदात आणि पूर्ण हिशेबासह द्या. समजा एका लिफ्टचे वर्षाला ३२,००० होते, ते ३६,००० करायचे आहेत. दोन लिफ्टचे ७२,००० आणि १८ टक्के जीएसटी १२,९६०, म्हणजे एकूण ८४,९६०. जुना आकडा ७५,५२० होता, फरक ९,४४०. फ्लॅट ४० असतील तर घरटी महिन्याला साधारण २० रुपये. हा शेवटचा आकडा नक्की लिहा, कारण सभासदांना उत्तर खजिनदाराला द्यावं लागतं. कारण एका ओळीत पुरे: ३ वर्षं दर तोच होता, दरम्यान मेकॅनिकचे पगार वाढले.

कॉम्प्रिहेन्सिव्ह नसेल तर काय धरलेलं नाही तेही लिहा: रोप, एआरडीची बॅटरी, दाराचे सेन्सर. मागच्या कमिटीला हे तोंडी माहीत असतं, नव्या कमिटीला नसतं. बॅटरी बदलल्याचं बिल गेलं की "एएमसीत नाही का?" असा प्रश्न येतोच.

शेवटी असं लिहा: "मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही-शिक्का करून २० मार्चपर्यंत द्यावी." उत्तर आलं नाही म्हणजे होकार, असं धरू नका. पत्र हातोहात द्या आणि पोच घ्या. सेक्रेटरी दर कमी करा म्हणाले, तर ३६,००० तसेच ठेवून दोन वर्षांचा करार सुचवा. दुसऱ्या वर्षी वाढ नाही, हे त्यांना मीटिंगमध्ये सांगता येतं. दर महिन्याची सर्व्हिस मात्र कमी करू नका, दाराच्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.