चाळिशीत सुरुवात केली तर अठ्ठावन्नला निवृत्ती जमेल का?

"वय ४०, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर. खानापूरला स्वतःचं घर, खर्च महिना २५ हजार. शिल्लक काहीच नाही. आता दरमहा १५ हजार टाकले तर ५८ ला थांबता येईल का?"

नाही. ६३ धरा.

महागाई ६ टक्के धरली, तर आजचे २५ हजार १८ वर्षांनी साधारण ७१ हजार होतात. पुढे ८५ पर्यंत म्हणजे २७ वर्षं काढायची. निवृत्तीनंतरचं व्याज महागाईतच जिरेल असं समजलं, तरी ५८ ला २ कोटी ३१ लाख हाताशी हवेत. तुमचे १५ हजार दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढवत नेले आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला, तर जमतील १ कोटी ३७ लाख. जवळजवळ एक कोटी कमी. ६० ला गरज २ कोटी ४० लाख, जमा १ कोटी ७९ लाख. ६३ ला गरज २ कोटी ५२ लाख, जमा २ कोटी ६४ लाख. शेवटच्या वर्षांत जमा रक्कम झपाट्याने फुगते, शिवाय बसून खायची वर्षं कमी होतात, म्हणून ही पाच वर्षं इतकी मोलाची. "अठ्ठावन्न झालं की घरी बसायचं" हा हट्ट सरकारी पेन्शनवाल्यांनी आपल्याकडे रुजवला. कारखान्यातल्या माणसाला तो परवडत नाही, हे मी घरीदारी सांगून थकलो.

आता पैसे कुठे टाकायचे. निम्मे व्हीपीएफमध्ये, म्हणजे नेहमीच्या पीएफवर स्वतःहून टाकलेली जादा रक्कम. ऑफिसला लेखी द्या, पगारातूनच कापून जातील. यात मालक भर घालत नाही, पण व्याज पीएफचंच, २०२४-२५ ला ८.२५ टक्के. उरलेले निम्मे निफ्टी इंडेक्स फंडाच्या एसआयपीत, आणि पगारवाढ झाली की त्याच महिन्यात एसआयपी वाढवा. ही वाढ चुकवली तर वरचं गणित कोसळतं: १५ हजार तसेच ठेवले, तर ६३ ला १ कोटी ५० लाखांच्या आसपासच जमतात.

उद्यमबागेत खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. कंपनी बदलली की लोक पीएफ काढून गाडी घेतात. पेन्शनचा वाटाही काढला, तर आधीची नोकरी पेन्शनच्या हिशेबातून जाते, आणि ती दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन नाही. जुना पीएफ त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा आणि पासबुकात दर महिन्याची नोंद पडते का ते बघा. नोंद नसेल तर पगारातून कापलेले पैसे भरलेले नाहीत, असं समजून लगेच विचारा.

विमा आणि बचत एकत्र करणारी एंडोमेंट पॉलिसी घेऊ नका, शेजारच्या काकांनी आग्रह केला तरी. विमा हवा तर टर्म घ्या. आणि गावाकडची जमीन निवृत्तीच्या हिशेबात धरू नका, भाऊबंदकीत ती वेळेवर विकली जात नाही.

१० टक्के परताव्याची हमी कुणीच देत नाही. ५५ नंतर फंडातले पैसे हळूहळू एफडीत आणा. फाउंड्रीची धूळ आणि उष्णता ६३ पर्यंत झेपणार नसेल, तर पन्नाशीआधीच स्टोअर किंवा क्वालिटी विभागात बदली मागून घ्या.