२ इंची पाइप आणि ६३ चं फिटिंग

> 'पीव्हीसी पाइपवर २ इंच लिहिलंय, कॅलिपरने बाहेरून ६०.३ मिमी भरतो. ६३ मिमीचा एल्बो चालेल का? आणि पंपाच्या लोखंडी फ्लँजवर क्लास १५० आहे, म्हणजे १५० पीएसआयच ना?'

नाही, आणि नाही. ६०.३ वाचलं आणि माझं जुनं दुखणं आठवलं.

इंची मापात २ इंच हे नुसतं नाव, त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ ठरलेला. भिंत जाड केली तरी तो बदलत नाही, आतलं भोक लहान होतं. ६३ मात्र मिलिमीटर मालिकेतलं माप, तिथे आकडा म्हणजे खरोखर बाहेरचा व्यास. दोन्ही मालिका दुकानात शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींना 'दोन इंची' म्हणतात, घात तिथेच होतो.

मी विक्रेत्याच्या तांत्रिक विभागाला फोन करून विचारलं होतं. 'दोन इंच म्हणजेच ६३, बिनधास्त लावा,' असं उत्तर मिळालं. पाइप एल्बोत आपल्या वजनानेच तळापर्यंत घसरला, तेव्हाच थांबायला हवं होतं. मी सॉल्व्हंट सिमेंट दाबून भरलं. चाचणीत सांधा टिकला, म्हणून वर फरशी बसवली. काही आठवड्यांनी पंप सुरू होताना धक्का बसला आणि पाइप एल्बोतून बाहेर आला. फरशी फोडून पाहिलं तर आतलं सिमेंट अजून जेलीसारखं मऊ होतं. ते सिमेंट फट बुजवायचं नसतंच. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, आणि त्यासाठी ते एकमेकांना घट्ट टेकलेले लागतात. इथे व्यासात २.७ मिमीचा फरक होता. नंतर त्याच विभागाने 'जोडणी चुकीची' म्हणून हात वर केले. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून सिमेंट लावण्याआधी कोरडा पाइप घालून बघाच. सॉकेटच्या साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर तो अडकला पाहिजे. सैल जात असेल तर फिटिंग परत करा, कोणी काहीही सांगो.

क्लासचा आकडा हा थेट दाब नव्हे. तुमचा फ्लँज साध्या कार्बन स्टीलचा आणि एएसएमई बी१६.५ चा असेल, तर क्लास १५० म्हणजे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत १९.६ बार, म्हणजे सुमारे २८५ पीएसआय. २०० अंशाला तोच १३.८ बारवर येतो. ओतीव लोखंडाचा असेल तर आकडे वेगळे, त्यामुळे धातू कोणता ते आधी बघा. शिवाय तुमच्या लाइनची मर्यादा पीव्हीसीच ठरवणार. त्यावरचा पीएन १० म्हणजे २० अंशाच्या पाण्याला १० बार, पाणी तापलं की कमी. मी हे थंड पाण्याच्या लाइनबद्दल सांगतोय. वाफ किंवा गॅस असेल तर माझ्या भरवशावर काही घेऊ नका, जाणकाराकडून तपासून घ्या.

जाता जाता, बसवलेल्या लाइनवर कॅलिपर पोचत नसेल तर पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून मोजा. साधारण १८९ मिमी भरली तर २ इंची, १९८ भरली तर ६३.