घटक येतात, मग मिश्र पेपरात गुण का जातात?

“मॅडम, मुलगा पाचवीत आहे. शिष्यवृत्तीची एकेका घटकाची उदाहरणं घरी भराभर सोडवतो. पण भाषा, गणित, बुद्धिमत्ता एकत्र असलेला सराव पेपर दिला की दीडशेपैकी नव्वदच्या पुढे जात नाही. घाबरतो का तो?” – एक आई, तासगाव

पेपर कच्च्या कामासकट मागवून घेतला. खाडाखोड नव्हती, भाषेचा उताराही नीट सोडवला होता. भीतीची चिन्हं काही दिसेनात. मग चुकलेले प्रश्न त्याच्यासोबत एकेक करून पाहिले आणि दोन प्रश्नांपाशी थांबलो.

पहिला गणिताचा: 100 मीटर रस्त्याच्या एका बाजूला, दोन्ही टोकांसह, दर 5 मीटरवर झाड लावलं तर झाडं किती? त्याने 20 लिहिलं, उत्तर 21. दुसरा बुद्धिमत्तेचा: रांगेत सचिन पुढून 12 वा आणि मागून 9 वा, तर रांगेत मुलं किती? त्याने 21 लिहिलं, उत्तर 20. दोन्ही चुकीची उत्तरं पर्यायांत होतीच. प्रश्न काढणारे ती मुद्दाम ठेवतात.

घरी रांगेची उदाहरणं सलग सोडवताना “एक वजा करायचा” हे वरच्या मथळ्यानेच सांगितलेलं असतं. पेपरात विभागाचं नाव असतं, घटकाचं नसतं. एक मिळवायचा, वजा करायचा की काहीच करायचं नाही, हे मुलाला स्वतः ओळखावं लागतं, आणि त्या ओळखण्याचा सराव झालेलाच नसतो. म्हणून नियम पुन्हा पाठ करून घेण्यात अर्थ नव्हता.

त्याला आकडे लहान करून चित्र काढायला सांगितलं. 10 मीटर रस्ता, दर 5 मीटरवर झाड: 0, 5 आणि 10 वर मिळून तीन झाडं, मधल्या जागा दोनच. मग तीन मुलांची रांग: मधला पुढूनही दुसरा, मागूनही दुसरा, बेरीज चार येते, कारण तो दोनदा मोजला गेला. चित्र काढल्यावर त्याने दोन्ही उत्तरं स्वतःच सुधारली.

घरी रोज एवढंच करायला दिलं: तिन्ही विषयांचे चार-चार, असे 12 प्रश्न मथळे झाकून, क्रम मोडून. आधी पेन्सिल खाली ठेवून प्रत्येकात काय विचारलंय ते तोंडी सांगायचं, मग सोडवायचं. वेळ लावायची घाई पहिल्या आठवड्यात नको. नंतर 15 मिनिटं लावा. प्रत्यक्ष पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणजे एकाला 72 सेकंद.

शेवटच्या महिन्यात मात्र परीक्षेच्याच रचनेचे पेपर द्या: पहिल्यात प्रथम भाषा 25 आणि गणित 50 प्रश्न, दुसऱ्यात तृतीय भाषा 25 आणि बुद्धिमत्ता 50. चुकीला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे अंदाजाने का होईना, एकही प्रश्न रिकामा सोडू नये. फक्त सराव करताना अंदाजाच्या उत्तरापुढे फुली करायला सांगा, आणि ते बरोबर आलं तरी तपासताना तो प्रश्न पुन्हा सोडवून घ्या.