पायल लोड टेस्टचा कर्व्ह कुठेच तुटत नाही, तेव्हा अल्टिमेट लोड कुठला धरायचा?

प्रश्न: जळगाव जिल्ह्यात तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत उंच पाण्याच्या टाकीचं काम आहे. बोअर्ड पायल ६०० मिमी व्यासाचा, १८ मीटर लांब, काँक्रीट एम ३०, डिझाइन लोड १०० टन. इनिशियल टेस्टची रीडिंग: २० टनाला ०.५ मिमी, ६० ला १.६, १०० ला ३.०, १८० ला १०.२, २०० ला १४.६, २४० ला ४५, २५० ला ६६. अल्टिमेट किती लिहू, आणि १०० टनाचं सेटलमेंट कसं वाचू?

उत्तर: भाऊ, गाळात घर्षणावर उभ्या असलेल्या पायलचा कर्व्ह बहुतेक वेळा असाच हळूहळू वाकतो, त्यामुळे मोडण्याचा बिंदू शोधत बसू नका. दोन स्पर्शरेषा काढून त्यांचा छेद घेण्याची सवय अनेकांना असते. पण त्यात आलेख किती उभट काढला यावरही उत्तर हलतं. एक्सेलमध्ये एक अक्ष ताणला की डोळ्याला दिसणारं वळण सरकतं आणि त्यासोबत तुमची स्पर्शरेषाही. म्हणून मिलिमीटरमध्ये बांधलेला निकष घ्या.

आयएस २९११ भाग ४ मध्ये ६०० मिमीपर्यंतच्या, एकसारख्या व्यासाच्या पायलला दोन निकष आहेत आणि त्यांतला कमी आकडा म्हणजे सेफ लोड. पहिला निकष असा: एकूण सेटलमेंट १२ मिमी होतं त्या लोडचे दोन तृतीयांश. तुमचे १२ मिमी १८० आणि २०० टनांच्या मध्ये पडतात. ४.४ मिमीच्या टप्प्यात १.८ मिमी पुढे गेलं की १८८ टन येतात, त्याचे दोन तृतीयांश साधारण १२५. दुसरा निकष व्यासाच्या दहा टक्क्यांचा, म्हणजे ६० मिमीचा. तो लोड २४० आणि २५० च्या मध्ये, २४७ टनांच्या आसपास. त्याचा अर्धा १२३. म्हणून सेफ लोड १२३ टन, डिझाइनच्या १०० पेक्षा जास्त. टेस्ट पास आहे.

अल्टिमेटच्या रकान्यात मी "२४७ टन, व्यासाच्या १० टक्के सेटलमेंटला" असं लिहीन; निकष न लिहिता नुसता आकडा देऊ नये. पडताळा म्हणून डेव्हिसनची रेषा काढून बघा. पायलचं लवचीक आखडणं (लोड गुणिले लांबी, भागिले क्षेत्रफळ आणि ई चा गुणाकार) घ्यायचं, त्यात ३.८ मिमी आणि व्यासाचा एकशेविसावा भाग, म्हणजे ५ मिमी मिळवायचे. एम ३० चा ई सुमारे २७,४०० न्यूटन प्रति चौ. मिमी धरला तर २०० टनाला आखडणं ४.६ मिमी, रेषा १३.४ मिमीवर आणि कर्व्ह तिच्या खाली १४.६ वर गेलेला. १८० टनाला तो अजून वरच आहे. म्हणजे छेद १९४ टनांजवळ. २४७ आणि १९४ यांत कोणी चुकलेलं नाही. डेव्हिसन पायल जमिनीत सरकायला लागल्यावर थांबतो, दहा टक्क्यांचा निकष तो चांगलाच घसरेपर्यंत वाट बघतो.

आता १०० टन. आकडा लोडिंगच्या कर्व्हवरूनच घ्यायचा, अनलोडिंगवरून नाही. परतीच्या वाटेवर १०० टनाला जे दिसतं त्यात २५० टनांची कायमची घसरण मिसळलेली असते. ३.० मिमी मला पटतं. सगळा लोड टोकापर्यंत गेला तरी नुसतं काँक्रीट जास्तीत जास्त २.३ मिमी आखडतं, आणि घर्षण वाटेत लोड खात असल्याने खरं आखडणं त्याहून कमी. उरलेलं जमिनीचं. शिवाय तुमचे पहिले तीन बिंदू जवळजवळ शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर आहेत, म्हणजे प्लेट बसण्याची चूक नाही.

पण हे ३ मिमी खरे आहेत का, हे डेटम बारवर ठरतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात टेस्ट घेतली असेल तर आधी हेच तपासा. दीडशे मिमी उंचीचा, चार मीटर गाळ्याचा पोलादी बार घ्या. त्याची वरची बाजू खालच्यापेक्षा १० अंशांनी जास्त तापली तर तो मध्यभागी सुमारे १.६ मिमी वर कमानतो. गेज बारवर बसवलेले असले तर ते तेवढंच सेटलमेंट म्हणून दाखवतात, तुमच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त! ओळखायचं कसं? शेवटच्या २४ तासांच्या होल्डची रीडिंग शीट उघडा. प्रेशर तेच असताना चारही गेज दुपारी एकत्र वाढत असतील आणि मावळतीनंतर मागे येत असतील, तर तो बार आहे. स्थिर लोडखाली पायल वर येत नाही. मात्र प्रेशर उतरलं असेल तर पायल खरंच थोडा वर येऊ शकतो, म्हणून प्रेशरचा रकानाही सोबत बघा. तशी लाट दिसली तर पहाटेचं रीडिंग जास्त विश्वासाचं. पुढच्या टेस्टला बारवर ताडपत्री टाकून सावली करा.

रूटीन टेस्ट १५० टनांवर थांबते, तिथून अल्टिमेट काढायला जाऊ नका. तिथे फक्त १२ मिमीच्या आत राहिलं की नाही एवढंच वाचायचं.