नफ्याचा स्क्रीनशॉट काय सिद्ध करतो?

प्रश्न : मित्राने मला शेअर टिप्सच्या एका टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतलं. तिथला एक स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. सभासद रोज नफ्याचे फोटो टाकतात. एकाने निफ्टी ऑप्शनमध्ये ‘आज ४७,२५० सुटले, सरांची कृपा’ असं लिहिलंय. प्रीमियम ग्रुपची फी १४,९९९ रुपये, आज रात्रीपर्यंतच. अ‍ॅडमिनच्या माहितीत ‘SEBI registered’ आणि INZ ने सुरू होणारा नंबर आहे, खाली ‘फक्त शैक्षणिक हेतूसाठी’ असंही आहे. मी हे धाकट्या भावाला पाठवलं, त्याने कालच पैसे भरले. त्याबद्दल मला एक महिना फुकट मिळाला. मी पैसे भरू का? आणि भावाचे बुडाले तर मी अडकेन का?

उत्तर : पैसे भरू नका. भावाला मात्र हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधीच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला सांगा. अशा व्यवहारात पहिले काही तास मोलाचे असतात. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकली नसेल तर बँक ती रोखून धरू शकते. फोनवर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक विचारतील, तो हाताशी असू द्या. नंतर cybercrime.gov.in वर लेखी तक्रार करा आणि तिची प्रत बँकेला द्या.

आता तुमचा स्क्रीनशॉट. त्यात सर्वांत बोलका आहे तो नोंदणी क्रमांक. सेबी ही शेअर बाजाराची नियामक संस्था, आणि तिच्या क्रमांकांची सुरुवातीची अक्षरं परवान्याचा प्रकार सांगतात. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा INH ने आणि शेअर दलालाचा INZ ने. पैसे घेऊन ‘हा शेअर घ्या, तो विका’ सांगणाऱ्याकडे पहिल्या दोनपैकी एक हवा. तुमच्या अ‍ॅडमिनने दलालाचा क्रमांक लावला आहे, आणि हे लोक सहसा तो एखाद्या मोठ्या दलालाच्या वेबसाइटवरून उचलतात. सेबीच्या संकेतस्थळावर मध्यस्थांची यादी आहे. तिथे क्रमांक टाकून येणारं नाव पाहा, आणि भावाने ज्या नावाच्या खात्यात पैसे टाकले त्याच्याशी जुळवा. नावं जुळली नाहीत तर खोटी ओळख सांगून पैसे काढले हे दाखवायला तेवढं पुष्कळ आहे.

नफ्याच्या फोटोकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या चित्रात संख्या १,०००, सरासरी खरेदी ८२.४०, एलटीपी म्हणजे शेवटचा बाजारभाव १२९.६५ आणि नफा ४७,२५०. गणित बरोबर आहे, ४७.२५ गुणिले हजार. म्हणूनच ते खरं वाटतं. पण निफ्टीचे ऑप्शन सुटे मिळत नाहीत, लॉटमध्येच, म्हणजे ठरलेल्या संख्येच्या गठ्ठ्यांतच, घ्यावे लागतात. जानेवारी २०२५ पासूनचा लॉट ७५ चा आणि २०२६ च्या सुरुवातीपासूनचा ६५ चा. दोन्हींत १,००० बसत नाही, ९७५ बसतात. लॉट ५० किंवा २५ होता तेव्हा मात्र १,००० बसायचे. म्हणजे ‘आज’ म्हणून टाकलेला हा फोटो एकतर जुना आहे किंवा बनवलेला.

दुसरी गोष्ट ‘सुटले’, म्हणजे नफा हातात आला, या दाव्याची. सौदा बंद झाला की बहुतेक अ‍ॅपमध्ये शिल्लक संख्या शून्य दिसते. इथे ती १,००० आहे, म्हणजे फोटो काढला त्या क्षणी काहीच सुटलेलं नव्हतं. पुढच्या पंधरा मिनिटांत तो नफा तोट्यात गेला असता तरी फोटो तसाच राहिला असता. खरा पुरावा म्हणजे दलालाने पाठवलेली कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे झालेल्या सौद्यांची अधिकृत पावती, आणि वर्षभराचं नफा-तोटा विवरण. ते मागून पाहा. माझा अंदाज, तुम्हाला ग्रुपमधून काढतील.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या यूट्यूब वाहिनीविरुद्ध अंतरिम आदेश दिला, तो यासाठी वाचण्याजोगा आहे. तिथेही शिक्षण म्हणूनच अभ्यासक्रम विकले जात होते आणि नफ्याचा गाजावाजा होता. सेबीने ट्रेडिंग खाती तपासली तेव्हा जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात चालकाला निव्वळ २ कोटी ८९ लाखांचा तोटा झालेला दिसला. १७ कोटींहून अधिक रक्कम वेगळ्या खात्यात जमा करायचा आदेश झाला. ‘शैक्षणिक हेतूसाठी’ ही ओळ तिथे ढाल ठरली नाही. कायदा पाटी पाहत नाही, प्रत्यक्ष काय विकलं ते पाहतो.

गंमत अशी की अ‍ॅडमिन खरोखर नोंदणीकृत असता तरी हे फोटो त्याच्या अंगाशी आले असते. नोंदणीकृत विश्लेषकाला खात्रीशीर परताव्याचं आश्वासन देता येत नाही, आणि पूर्वीच्या कमाईचे असे सुटे फोटो जाहिरात म्हणून मिरवताही येत नाहीत. नोंदणी नसेल तर सेबी कायद्याच्या कलम १२(१) चा भंग आहेच, आणि खोट्या नोंदणीवर विसंबून पैसे दिले असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणूक होते. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर मात्र फार आशा ठेवू नका. ते मुख्यतः नोंदणीकृत मध्यस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. बिगरनोंदणीवाल्याची माहिती सेबीला कळवा, पण पैशांसाठी रस्ता पोलिसांचाच.

तुमच्या स्वतःच्या काळजीबद्दल. फसवणुकीच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. तुम्ही खरं समजून भावाला पाठवलं, तेवढ्याने तुम्ही आरोपी होत नाही. फुकटचा महिना मात्र मला खटकतो. तो घेत राहिलात, किंवा हे सगळं कळल्यावर आणखी कुणाला लिंक पाठवलीत, तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं अवघड होईल. म्हणून आजच अ‍ॅडमिनला ‘मला ही सवलत नको’ असा निरोप टाका. आणि भावाला त्या फुकटच्या महिन्याबद्दल स्वतः सांगा, त्याला पोलिसांकडून कळण्यापेक्षा ते बरं.

पुराव्याबाबत घाई आणि सावकाशपणा दोन्ही हवेत. तुमचा स्क्रीनशॉट कापलेला आहे आणि त्यावर लाल गोल काढले आहेत. तो मला समजावायला ठीक, न्यायालयात नको. टेलिग्रामवर अ‍ॅडमिन संदेश सगळ्यांकडून पुसू शकतो, म्हणून ग्रुप सोडण्याआधी संपूर्ण संवाद वरखाली सरकवत स्क्रीन रेकॉर्ड करा. अ‍ॅडमिनचं दाखवायचं नाव नव्हे, @ ने सुरू होणारं युझरनेम दिसू द्या, कारण नाव कुणीही बदलतो. भावाच्या फोनवर पैसे भरण्याचा संदेश, यूपीआय आयडी आणि पावती जपा. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. खटल्यात अशा नोंदी दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्यात एक भाग फोन हाताळणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा असतो, फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्यात बदल झाला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, तेही लिहावं लागतं. ते वकील करून देईल, पण मूळ फाइल हाती नसेल तर कुणालाच काही करता येणार नाही.

तक्रारीची कुणकुण लागली की अ‍ॅडमिन ‘पैसे परत देतो, आधी जीएसटी किंवा प्रोसेसिंगचे दोन हजार भरा’ असं म्हणण्याची दाट शक्यता आहे. भावाने एक रुपयाही पाठवू नये. खरंच परत आले तर ते थेट बँक खात्यात घ्यावेत, आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देण्याआधी तो मजकूर एकदा मला दाखवा.