लूव्रचं टाइम स्लॉटचं तिकीट: तुमचे प्रश्न

पॅरिसच्या लूव्र म्युझियमबद्दल मागच्या वेळी थोडं लिहिलं होतं तर त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते तिकिटावरच्या वेळेबद्दल. चित्रांबद्दल एकही नाही! असो, मे महिन्याच्या सुट्टीचं बुकिंग चालू झालंय म्हणून एकेक करून घेतो.

तिकिटावर 10:30 लिहिलंय. म्हणजे 11 ला बाहेर काढणार का? एवढ्यात काय बघून होणार?

नाही हो, बाहेर कोणी काढत नाही. साडेदहा ही फक्त आत शिरायची वेळ आहे, आणि ती पण साडेदहा ते अकरा अशी अर्ध्या तासाची खिडकी. एकदा आत गेलात की बंद होईपर्यंत बसा. तिरुपतीच्या टोकनवर वेळ असते ना, ती लाइनीत शिरायची असते, दर्शन कधी संपवायचं त्याची नसते, तसंच.

सगळीकडे असं नाहीये पण, म्हणून तिकीट काढताना नीट वाचा. मिलानला लिओनार्डोचं लास्ट सपर बघायला छोटे ग्रुप सोडतात आणि 15 मिनिटांनी सगळ्यांना बाहेर, कारण ते भिंतीवरचं नाजूक चित्र आहे आणि माणसांबरोबर येणारी धूळ आणि दमटपणा त्याला सोसत नाही. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन तासांनी खेळ खल्लास. लूव्र इतकं अवाढव्य आहे की तिथे कोणाला किती वेळ लागेल हे ठरवणं शक्यच नाही, त्यामुळे ते फक्त आत येणारा नळ बारीक-मोठा करतात, बाहेर जाणारा तुमच्या पायांवर सोडलाय. मात्र एकदा म्युझियमबाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत येता येत नाही. जेवायला बाहेर जाऊन येऊ असा प्लॅन असेल तर तो आत्ताच रद्द करा.

मोजूनमापून माणसं सोडतात म्हणता, मग मोनालिसासमोर एवढी ढकलाढकली का? आम्हाला तर फक्त लोकांचे मोबाइल दिसले.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण स्लॉट काय करू शकतो आणि काय नाही ते सगळं यात येतं.

आधी थोडा हिशोब करू. लूव्रने दिवसाची मर्यादा साधारण 30,000 लोकांवर आणली, त्याआधी गर्दीच्या दिवशी 45,000 पर्यंत जायची. नेहमीच्या दिवशी 9 ला उघडतं, 6 ला बंद, आणि शेवटचा प्रवेश तासभर आधी, म्हणजे 9 ते 5 अशा अर्ध्या अर्ध्या तासाच्या 16 खिडक्या. समजा सगळीकडे सारखी माणसं वाटली (प्रत्यक्षात ते अशी वाटत असतील असं नाही, पण अंदाजाला ठीक) तर एका खिडकीत पावणेदोन-दोन हजार लोक. आता एक माणूस सरासरी तीन तास आत थांबला असं धरा. म्हणजे दुपारी 12 ला इमारतीत नऊच्या स्लॉटवाले काही, साडेनऊवाले, दहावाले, असे सहा स्लॉटचे लोक एकाच वेळी फिरतायत. अकरा हजारांच्या वर आकडा गेला. दर अर्ध्या तासाला दोन हजार सोडणं आणि आत दोन हजार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक जितका जास्त वेळ थांबतील तितकी आतली गर्दी वाढते, दरवाजावर तुम्ही कितीही काटेकोर असा.

आता मोनालिसा. म्युझियमचं स्वतःचंच म्हणणं आहे की दहातले आठ जण तिच्यासाठी येतात. म्हणजे अर्ध्या तासात आलेल्या जवळपास दोन हजारांपैकी दीड हजार त्या एका खोलीकडे चाललेत. मिनिटाला पन्नास. प्रत्येकाने त्या खोलीत रांग, फोटो, सेल्फी मिळून फक्त दहाच मिनिटं काढली तरी खोलीत कायम पाचशे माणसं! आणि चित्र केवढं, तर 77 बाय 53 सेंटिमीटर, काचेमागे, कठड्यापलीकडे. मोबाइलच दिसणार ना.

म्हणजे स्लॉट हा मुख्य दरवाजाचा आहे, मोनालिसाच्या खोलीचा नाही, आणि गर्दी खोलीत आहे. हे म्युझियमवाल्यांना कळत नाही असं नाही. जून 2025 मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी गर्दीला वैतागून अचानक काम बंद केलं होतं आणि तिकीट हातात घेतलेले लोक काचेच्या पिरॅमिडबाहेर ताटकळत उभे होते. त्याच वर्षी जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की मोनालिसाला वेगळी जागा देऊ आणि तिचं वेगळं तिकीट ठेवू. माझ्या मते तोच खरा उपाय आहे, बाकी दिवसाचा आकडा अजून कमी केला तरी त्या खोलीत फार फरक पडणार नाही, कारण उरलेले पण दहातले आठ तिथेच जाणार. पण ते व्हायला अजून काही वर्षं आहेत, तुमची ट्रिप यंदा आहे.

मग कुठला स्लॉट घ्यावा? आणि सकाळी पहिला घेतला तर मोनालिसा रिकामी मिळेल का?

वरचाच हिशोब पुढे चालवा. सकाळी 9 ला इमारत रिकामी, कारण आधीच्या स्लॉटचं कोणी आत साचलेलंच नाही. मग साचत साचत दुपारी बारा-एकला पूर्ण भरते आणि लोक दमून बाहेर पडायला लागेपर्यंत तशीच राहते. त्यामुळे पहिला स्लॉट चांगलाच, फक्त त्या स्लॉटमधले बहुतेक सगळे धावत मोनालिसाकडे जातात हे लक्षात ठेवा. धावायची तयारी नसेल तर नऊला आत जाऊन उलट दिशेने रिशल्यू विंगकडे वळा, तिथे सकाळी खरंच शांत असतं.

मला विचाराल तर बुधवार किंवा शुक्रवार संध्याकाळ. त्या दोन दिवशी लूव्र रात्री 9 पर्यंत चालू असतं. दुपारचे लोक निघून गेलेले असतात, ग्रुप टूर संपलेल्या असतात, नवीन येणारे कमी. मोनालिसा शेवटी ठेवा पण अगदी शेवटी नको, कारण बंद व्हायच्या आधी अर्धा तास खोल्या रिकाम्या करायला सुरुवात होते. आणि मंगळवारी बंद, हे दर वर्षी कोणीतरी विसरतंच.

आम्ही सहा जण आहोत, आई-बाबा धरून. 11 च्या स्लॉटला चारच तिकिटं दिसतायत आणि 11:30 ला दोन. तुटक घेतलं तर चालेल का?

चालेल, बिनधास्त घ्या. 11 वाल्यांची खिडकी साडेअकरापर्यंत आहे आणि साडेअकरावाल्यांची तिथूनच सुरू होते, म्हणजे दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या आहेत. तुमच्यातल्या चौघांनी सव्वाअकराच्या आसपास आत शिरायचं, सिक्युरिटी करून पिरॅमिडखालच्या मोठ्या हॉलमध्ये उतरायचं आणि तिथेच थांबायचं. क्लोकरूम, टॉयलेट सगळं तिथेच आहे. तिन्ही विंगांकडे जायचं तिकीट चेकिंग त्या हॉलमधून पुढे गेल्यावर लागतं, त्यामुळे उरलेले दोघं आले की सहाजण मिळून पुढे जा. आई-बाबांना 11 वाल्या तिकिटांवर घ्या म्हणजे त्यांना बसून वाट बघता येईल, तरुण मंडळी मागून येऊ देत. पण 11 आणि 12 असं मिळत असेल तर नका घेऊ, उगाच एका ग्रुपचा अर्धा तास हॉलमध्ये वाया जातो.

वेळेचं तिकीट असून पण बाहेर 25 मिनिटं रांगेत होतो. मग फायदा काय झाला?

रांग कशाची होती ते बघा. तिकिटाची नसते, सामान तपासणीची असते, आणि ती कोणालाच चुकत नाही. गंमत अशी की साडेदहाचं तिकीट असलं की सगळे सव्वादहालाच येऊन उभे राहतात. अर्ध्या तासात सावकाश आले असते तर मिनिटाला साठ-पासष्ट लोक झाले असते, पहिल्या दहा मिनिटांतच सगळे आले की ते जवळपास दोनशे होतात, आणि स्कॅनर तेवढेच. स्लॉट सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी जा, रांग बऱ्यापैकी विरलेली असते. म्युझियम स्वतः पण ऑनलाइन तिकिटाला एवढंच म्हणतं की तुमच्या वेळेपासून अर्ध्या तासाच्या आत आत घेऊ. दहा मिनिटं उशिरा जा म्हणालो, पस्तीस नाही. खिडकी उलटून गेली की आत सोडणं न सोडणं दारावरच्या माणसाच्या हातात, आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, वेळही बदलून देत नाहीत.

ॲमस्टरडॅमहून ट्रेनने सकाळी 10 ला पॅरिसला पोचतो. 11 चा स्लॉट जमेल ना?

स्टेशनवरून मेट्रोने अर्धा तास धरा, म्हणजे कागदावर जमतं. पण बॅगांचं काय करणार? 55 बाय 35 बाय 20 सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊच देत नाहीत, क्लोकरूमला पण ठेवून घेत नाहीत. सिक्युरिटीवरून परत फिरवतात, मग लॉकर शोधा, तोवर स्लॉट गेला. आधी हॉटेलवर सामान टाका आणि 2 चा घ्या. ट्रेन लेट झाली तरी श्वास घ्यायला जागा राहते.

मुलं 18 च्या आतली आहेत, त्यांना फुकट आहे. आमच्याकडे म्युझियम पास आहे. आणि भाची जर्मनीत शिकते, 23 वर्षांची. मग बुकिंग कशाला?

पैसे माफ आहेत, जागा माफ नाही. तुमच्या मुलाने पण त्या अर्ध्या तासातली एक जागा खाल्लीच ना, म्हणून शून्य युरोचं तिकीट असलं तरी वेळ निवडावी लागते. पासवाल्यांना पण तसंच, `ticket.louvre.fr` वर जाऊन पासचा पर्याय निवडून स्लॉट घ्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मुलांचं वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. भाची 26 च्या आतली आणि युरोपात राहणारी आहे म्हणून तिला फुकट, पण ते तिच्या जर्मन रेसिडेन्स कार्डावर, नुसत्या भारतीय पासपोर्टवर नाही. कार्ड जर्मनीत विसरली तर तिला मोठ्यांचं तिकीट, आणि युरोपाबाहेरच्यांसाठी ते जानेवारी 2026 पासून 32 युरो झालंय.

बुकिंग करताना सगळ्यांची, फुकटवाल्यांची पण, तिकिटं एकाच वेळी एकाच स्लॉटची काढा. मोठ्यांची आधी काढून ठेवली आणि मुलांची आठवड्याने बघू म्हटलं की तोवर तो स्लॉट भरलेला असतो.